किलोमीटर, हॉल्टिंग आणि भत्ता : ट्रकचालकाच्या फेरीचा हिशोब कसा लावावा

नाशिकला आडगावच्या बाजूला एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी चालकांच्या फेऱ्यांचे हिशोब लिहितो. गाडी परत आली की चालक डायरी घेऊन समोर बसतो आणि दर दोन-तीन हिशोबांमागे एकात तरी वाद निघतो. हा वाद सहसा दरावरून नसतो, कारण दर दोघांनाही पाठ असतो. किलोमीटर कुठून कुठपर्यंत धरायचे, हॉल्टिंग कोणत्या क्षणापासून मोजायचे आणि भत्त्याचे दिवस किती, हे फेरीनंतर आठवणीवर ठरवले जाते, आणि तिथेच गाडी अडते.

मुळात या तीन रकमा तीन वेगळ्या मापांनी मोजल्या जातात. किलोमीटरचे पैसे गाडीच्या मीटरवरून, हॉल्टिंग तासांवरून आणि जेवणाचा भत्ता तारखांवरून काढतात. “पाच दिवसांची फेरी झाली” असे म्हणून तिन्ही गोष्टी त्या एकाच आकड्यावर लावल्या, तर कोणाचे ना कोणाचे नुकसान ठरलेले असते. पुढचे टप्पे याच क्रमाने करावेत. आधी हिशोब आणि मग नोंदी शोधणे, ही उलटी वाट टाळावी.

नमुन्यासाठी अंबड औद्योगिक वसाहतीतून पिथमपूरला माल टाकून, देवासहून परतीचा माल घेऊन सातपूरला रिकामी झालेली एक फेरी घेतली आहे. तिच्यातले दर आकडेमोड सोपी व्हावी म्हणून निवडलेले आहेत. त्यांच्या जागी तुमच्या मालकाशी ठरलेले दर घालावेत.

टप्पा १ : निघण्यापूर्वी पाच गोष्टी लिहून घेणे

पहिली गोष्ट म्हणजे भरलेल्या गाडीचा आणि रिकाम्या गाडीचा दर. अनेक ठिकाणी रिकाम्या किलोमीटरला कमी दर असतो, काही ठिकाणी तो मुळीच दिला जात नाही, आणि “किलोमीटरला पाच रुपये” एवढेच बोलणे झाले असेल तर दोघेही आपल्या सोयीचा अर्थ लावतात. आपल्या नमुन्यात भरलेल्या गाडीला किलोमीटरमागे ५ रुपये आणि रिकाम्या गाडीला ३ रुपये ठरले आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे किलोमीटर कुठून सुरू होतात. ते यार्डापासून यार्डापर्यंत धरायचे, की लोडिंगच्या गेटपासून अनलोडिंगच्या गेटपर्यंत? आडगावहून अंबडला जाताना शहर ओलांडावे लागते, तेव्हा हा फरक दहा-पंधरा किलोमीटरचा सहज होतो. नमुन्यात यार्ड ते यार्ड धरले आहे.

तिसरी गोष्ट हॉल्टिंगची, आणि हिच्यात चार उपप्रश्न दडलेले असतात: मोफत तास किती, ते प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र की सगळे मिळून, घड्याळ केव्हा सुरू होते, आणि अर्धवट दिवसाचे काय. नमुन्यात प्रत्येक ठिकाणी पहिले २४ तास मोफत आहेत आणि त्यापुढे दर २४ तासांना ६०० रुपये आहेत. पूर्ण दिवसांनंतर उरलेले तास ६ पेक्षा कमी असतील तर काही नाही, ६ ते १२ असतील तर अर्धा दिवस आणि १२ च्या पुढे गेले तर पूर्ण दिवस. घड्याळ गाडी गेटसमोर पोहोचल्यापासून चालू होते. मात्र कंपनीने पुढची वेळ आधीच दिली असेल, तर त्या वेळेपासून चालू होते.

चौथी गोष्ट जेवणाच्या भत्त्याची. तो रोज किती, निघण्याच्या आणि परतण्याच्या दिवशी पूर्ण की अर्धा, आणि हॉल्टिंग मिळते त्या दिवशीही मिळतो का, हे विचारून घ्यावे. नमुन्यात रोज ४०० रुपये आहेत. दुपारी २ नंतर यार्डातून निघाल्यास किंवा २ च्या आत परतल्यास त्या दिवशी अर्धा भत्ता आणि हॉल्टिंगच्या दिवशीही पूर्ण भत्ता, असे ठरले आहे.

पाचवी गोष्ट बहुतेक जण विचारतच नाहीत. चालकाचे हॉल्टिंग पार्टीने मालकाला दिले तरच मिळणार, की काहीही झाले तरी मिळणार? माल पाठवणाऱ्याकडून किंवा ट्रान्सपोर्टरकडून मालकाला मिळणारे डिटेन्शन आणि मालकाने चालकाला द्यायचे हॉल्टिंग हे दोन वेगळे व्यवहार आहेत. “पार्टीने दिले तर देऊ” असे ठरले असेल, तर पार्टीचे बिल होईपर्यंत महिना-दीड महिना थांबावे लागू शकते. तेही चालते, पण निघण्याआधी ते माहीत असलेले बरे.

सावधान: हे सगळे तोंडी ठरते, याला माझा आक्षेप नाही. तरीही निघण्याआधी त्याच पाच ओळी मालकाला किंवा मुनीमजींना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून “बरोबर आहे ना शेठ?” एवढे विचारावे. “हो” असे एका शब्दाचे उत्तर आले तरी काम झाले.

टप्पा २ : किलोमीटरची नोंद

मीटरचा आकडा फक्त निघताना आणि परतल्यावर लिहिला, तर एकूण किलोमीटर मिळतात. पण भरलेले किती आणि रिकामे किती, हे त्यातून कळत नाही. म्हणून गाडीची अवस्था बदलते तिथे प्रत्येक वेळी आकडा टिपावा लागतो. नमुन्याच्या फेरीच्या नोंदी अशा आहेत:

- सोमवार, सकाळी ९:५०, यार्ड सोडले : ८४,२१०
- सोमवार, सकाळी १०:४०, अंबड गेट : ८४,२२६. संध्याकाळी ७:२० ला भरून बाहेर.
- मंगळवार, सकाळी ११:३०, पिथमपूर गेट : ८४,६२४. गुरुवारी रात्री ८ वाजता रिकामी होऊन बाहेर.
- गुरुवार, रात्री १०:३०, देवास गेट : ८४,६८६. शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजता भरून बाहेर.
- शनिवार, सकाळी १०:००, सातपूर गेट : ८५,१३२. दुपारी ४:३० ला रिकामी.
- शनिवार, संध्याकाळी ५:३०, यार्ड : ८५,१४६

यावरून भरलेले किलोमीटर ३९८ अधिक ४४६, म्हणजे ८४४ झाले. रिकामे किलोमीटर १६, ६२ आणि १४ मिळून ९२ झाले.

तपासणी: भरलेले आणि रिकामे मिळून ९३६ होतात. शेवटच्या आकड्यातून पहिला वजा केला, ८५,१४६ वजा ८४,२१०, तरी ९३६ च येतात. हे दोन आकडे जुळले नाहीत तर मधली एखादी नोंद चुकलेली आहे. ती सापडेपर्यंत पैशांचा गुणाकार करू नये.

ई-वे बिलावर छापलेले अंतर पुढे करून “एवढेच किलोमीटर होतात” असे सांगणारे मालक भेटतात. ते अंतर दोन पिनकोडांवरून काढलेले असते आणि बिलाची मुदत ठरवण्यासाठी वापरले जाते, साधारण मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशोबाने. गाडी प्रत्यक्षात कोणत्या गेटपर्यंत गेली, बायपासने गेली की वळसा घालून, याच्याशी त्याचा संबंध नसतो. मोबाइलच्या नकाशावरचे अंतरही बऱ्याचदा लहान गाडीच्या रस्त्याचे असते. अर्थात नकाशाच्या किलोमीटरवरच पैसे द्यायचे असे आधी ठरले असेल, तर मग मीटर दाखवून भांडण्यात अर्थ नाही.

मीटरही शंभर टक्के खरा नसतो. झिजलेल्या टायरचा घेर कमी होतो, चाक जास्त वेळा फिरते आणि मीटर थोडे जास्त दाखवतो. नवे टायर घातल्यावर उलटे होते. रस्त्याकडेच्या किलोमीटर दगडांवरून ५० किलोमीटरची चाचणी घेतली की फरक कळतो. आपल्या फेरीत एक टक्क्याचा फरक धरला, तर तो जेमतेम ४५-५० रुपयांचा होतो. त्यासाठी कोणी आवाज चढवू नये. पण घाट बंद असल्यामुळे ३० किलोमीटरचा वळसा पडला, तर वळणावरच मीटरचा फोटो काढून मालकाला पाठवावा.

टप्पा ३ : हॉल्टिंगची नोंद, आणि खरा घोळ इथेच होतो

पिथमपूरला गाडी मंगळवारी सकाळी साडेअकराला गेटसमोर उभी राहिली. तिथे आधी टोकन घ्यावे लागते, मग बाहेरच्या पार्किंगमध्ये थांबावे लागते आणि नंबर आला की आत सोडतात. गेटच्या रजिस्टरमध्ये या गाडीची नोंद झाली ती बुधवारी सकाळी ९:१५ ला. पोहोचेवर शिक्का मारणारा माणूस रजिस्टर पाहून वेळ लिहितो, म्हणून पोहोचेवरही बुधवारच आला. जवळजवळ २२ तास कागदावरून गायब झाले.

दोन्ही तऱ्हांनी मोजून पाहू. पोहोचल्यापासून मोजले, तर मंगळवार सकाळी ११:३० ते गुरुवार रात्री ८:०० म्हणजे साडेछप्पन्न तास. त्यातून मोफत २४ वजा केले की साडेबत्तीस तास उरतात. त्यात एक पूर्ण दिवस आणि वर साडेआठ तास, म्हणजे अर्धा दिवस. दीड दिवसाचे ९०० रुपये होतात. रजिस्टरपासून मोजले, तर ३४ तास ४५ मिनिटे भरतात. मोफत तास गेल्यावर १० तास ४५ मिनिटे उरतात, म्हणजे अर्धा दिवस, म्हणजे ३०० रुपये. एका शिक्क्यामुळे ६०० रुपयांचा फरक पडला.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे असाच एक हिशोब अडला होता. चालक मूळचा सिन्नरकडचा, वयाने माझ्याहून मोठा. तो शपथेवर सांगत होता, “भाऊ, मी आदल्या दिवशीच गेटवर होतो.” पोहोच मात्र दुसरेच सांगत होती. शेवटी त्याने लायसन्सच्या पाकिटातून टोकनची चिठ्ठी काढली. ती छोट्या मशीनवर छापलेली होती आणि केबिनच्या उन्हात तापून पांढरी पडली होती. उजेडात तिरकी धरली तेव्हा नंबर दिसला, वेळ दिसली नाही. मालकाने अर्धे पैसे दिले, चालकाने नाराजीने घेतले. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, की अशी चिठ्ठी हातात पडताक्षणी तिचा फोटो काढावा. ही छपाई उष्णतेने उडते.

टोकन मिळतच नसेल, तर पोहोचताक्षणी गाडीचा नंबर दिसेल असा गेटचा फोटो आणि सोबत मोबाइलवरून लोकेशन मालकाला पाठवावे. त्या संदेशाला वेळ आपोआप लागते. अनलोडिंग झाल्यावर पोहोचेवर “गाडी आली” आणि “गाडी सुटली” अशा दोन्ही वेळा लिहून मागाव्यात. कारकून नाही म्हणाला तर हुज्जत घालण्याऐवजी त्याला दिसेल अशा रीतीने स्वतःच्या डायरीत वेळ लिहावी. कधीकधी तेवढ्यावरून तो पोहोचेवरही लिहून देतो.

फास्टॅगचा उतारा हा दुसरा उपयोगी पुरावा आहे. मंगळवारी वाटेतला शेवटचा टोलनाका किती वाजता ओलांडला, हे त्यात दिसते आणि तिथून कंपनीपर्यंतचा वेळ सहज जोडता येतो. मात्र टॅग मालकाच्या नावावर असतो आणि संदेश त्यांच्याच फोनवर जातो, म्हणून उतारा त्यांच्याकडून मागून घ्यावा लागतो. शिवाय नाका ओलांडल्याची वेळ आणि पैसे वळते झाल्याची वेळ यांत फरक असू शकतो. पाहायची ती पहिली.

आता देवासचे पाहू. गाडी गुरुवारी रात्री साडेदहाला पोहोचली होती, पण लोडिंगची वेळ शुक्रवारी सकाळी ९ ची दिलेली होती. ठरल्याप्रमाणे घड्याळ ९ पासून चालू झाले आणि ६ वाजता गाडी सुटली, म्हणजे ९ तास झाले. ते मोफत वेळेत बसतात. अंबडचे ८ तास ४० मिनिटे आणि सातपूरचे साडेसहा तासही मोफत वेळेतच गेले. म्हणून हॉल्टिंग फक्त पिथमपूरचे.

सावधान: मोफत तास “सगळे मिळून” असतील तर उत्तर बदलते. जाणाऱ्या मालाच्या लोडिंग आणि अनलोडिंगला मिळून ४८ तास मोफत असते, तर अंबडचे आणि पिथमपूरचे मिळून ६५ तास १० मिनिटे झाले असते. त्यातून ४८ गेल्यावर १७ तास १० मिनिटे उरली असती, म्हणजे एक दिवस, म्हणजे ६०० रुपये. टप्पा १ मध्ये हा प्रश्न विचारायला सांगितला, तो यासाठी.

दोन्ही बाजूंनी नेहमी होणारी चूक म्हणजे हॉल्टिंग तारखांवर मोजणे. चालक म्हणतो मंगळवार, बुधवार, गुरुवार तीन दिवस, १,८०० रुपये. मालक म्हणतो दोन रात्री, त्यातली एक मोफत, ६०० रुपये. ठराव तासांचा असेल, तर दोघेही चुकलेले असतात.

गाडी बिघडली, टायर फुटला किंवा शहराबाहेर जड वाहनांची बंदी उठेपर्यंत थांबावे लागले, तर तो वेळ वेगळा लिहावा आणि पुढे कारण लिहावे. तो हॉल्टिंगमध्ये येतो की नाही, हे ठरावावर अवलंबून असते. पण सगळा थांबा एकाच रकान्यात ढकलला, की मालकाचा खऱ्या हॉल्टिंगवरचाही विश्वास उडतो.

टप्पा ४ : भत्त्याचे दिवस

इथे तासांचा विचार सोडून द्यावा आणि कॅलेंडर पाहावे. सोमवार ते शनिवार म्हणजे सहा तारखा. शनिवारच्या तारखेतून सोमवारची तारीख वजा केली की पाच येतात आणि एका दिवसाचे ४०० रुपये बुडतात. वजाबाकी केली तर एक मिळवावा लागतो. त्यापेक्षा तारखा बोटांवर मोजणे जास्त सुरक्षित.

सोमवारी गाडी दुपारी २ च्या आत निघाली आणि शनिवारी २ नंतर परतली, म्हणून दोन्ही दिवस पूर्ण भरतात. सहा दिवसांचे २,४०० रुपये झाले. शनिवारी गाडी नाशकातच होती म्हणून तो दिवस काटावा, असे कोणी म्हणेल. पण ठराव यार्डात परतण्याच्या वेळेचा आहे, आणि सातपूरला रांगेत उभा असलेला चालक घरी जेवलेला नसतो.

गाडीवर दुसरा चालक किंवा क्लीनर असेल, तर त्याचा भत्ता वेगळ्या ओळीत लिहावा. दोघांचा एकत्र आकडा टाकला की पुढे वाटणीवरून कुरबूर होते.

टप्पा ५ : तीन रकमा एकत्र करणे

आता गुणाकार. भरलेले ८४४ किलोमीटर ५ रुपयांनी ४,२२०. रिकामे ९२ किलोमीटर ३ रुपयांनी २७६. किलोमीटरचे एकूण ४,४९६. त्यात हॉल्टिंगचे ९०० आणि भत्त्याचे २,४०० मिळवले की ७,७९६ रुपये होतात.

ही फेरीची देय रक्कम झाली. हिलाच कमाई समजू नये. भत्ता ढाब्यावर खर्च होण्यासाठीच दिलेला असतो. या फेरीत सहा दिवसांत जेवण-चहावर १,९५० रुपये गेले असतील, तर भत्त्यातून ४५० उरले. म्हणजे हातात राहिलेली कमाई ४,४९६, ९०० आणि ४५० मिळून ५,८४६ रुपये, दिवसाला साधारण ९७४. दोन मालकांचे दर ताडून पाहायचे असतील, तर हा शेवटचा आकडा ताडावा. किलोमीटरला एक रुपया जास्त देणारा मालक हॉल्टिंग देत नसेल आणि त्याच्या गाड्या नेहमी रांगा लागणाऱ्या कंपन्यांत जात असतील, तर तो एक रुपया महागात पडतो, कारण उभ्या गाडीचे किलोमीटर होत नाहीत.

टप्पा ६ : उचल आणि खर्च वळते करणे

निघताना चालकाने ६,००० रुपये उचल घेतली होती. डिझेल मालकाच्या खात्यावर भरले गेले, त्यामुळे ते या हिशोबात येत नाही. रोखीने झालेला गाडीचा खर्च असा: हमाली १,२००, पंक्चर ४००, वजनकाटा ३००, पार्किंग २५०. एकूण २,१५० रुपये, सगळ्यांच्या पावत्या आहेत. हा खर्च मालकाचा आहे, चालकाने तो फक्त हाताने केला आहे.

म्हणून आधी देय रकमेत खर्च मिळवावा: ७,७९६ अधिक २,१५० म्हणजे ९,९४६. मग उचल वजा करावी. चालकाला मिळायचे राहिले ३,९४६ रुपये.

सर्वांत महागडी चूक या पायरीवर होते. ७,७९६ मधून थेट ६,००० वजा केले की १,७९६ उरतात, आणि उचलीतून केलेली हमाली-पंक्चर चालकाच्याच खिशातून गेल्यासारखी होते. उलट बाजूने, काही चालक जेवणाचा खर्चही पावत्यांत धरतात. भत्ता घेतल्यावर तो खर्च पुन्हा मागता येत नाही.

तपासणी: खिशातल्या रोकडीने पडताळा घ्यावा. ६,००० मधून गाडीवर २,१५० आणि जेवणावर १,९५० गेले, म्हणजे चालकाच्या खिशात १,९०० शिल्लक असायला हवेत. त्यात आता मिळणारे ३,९४६ मिळवले, की टप्पा ५ मध्ये काढलेली ५,८४६ ची कमाई बरोबर येते. ती आली नाही, तर एखादी पावती राहिली आहे किंवा एखादा खर्च दोनदा धरला गेला आहे.

टप्पा ७ : सही करण्यापूर्वी

मूळ पोहोच जमा करण्याआधी तिच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत. हॉल्टिंगच्या वेळा तिच्यावरच असतात आणि एकदा ती बिलासोबत पार्टीकडे गेली की पुन्हा हाती येत नाही. मालातल्या तुटीचे किंवा भिजण्याचे पैसे कापले असतील, तर पोहोचेवर तसा शेरा आहे का, हे त्याच फोटोत पाहावे.

हिशोबाच्या कागदावर किलोमीटर, हॉल्टिंग, भत्ता, खर्च आणि उचल या पाच ओळी वेगवेगळ्या लिहिलेल्या असाव्यात. हॉल्टिंग पार्टीच्या बिलावर अडकले असेल, तर सहीच्या वर “हॉल्टिंग ९०० बाकी” असे तारखेसह लिहून घ्यावे. “पूर्ण रक्कम मिळाली” असे छापलेल्या कागदावर तशीच सही केली, तर पुढच्या महिन्यात ते ९०० मागायला तोंड उरत नाही.